मुंबई ते न्यूयॉर्क: प्रवासात इन्सुलिन आणि मधुमेहाच्या गोळ्या कधी घ्यायच्या, कशा न्यायच्या

लेकीकडे किंवा मुलाकडे अमेरिकेला निघालेल्या माणसाची बॅग महिनाभर आधीपासून भरली जाते, पण "इन्सुलिन कधी घ्यायचं?" हा प्रश्न निघतो तो विमानतळावर जाताना गाडीत. मग घाईघाईत ठरतं, "रोज रात्री दहाचा गजर आहे ना फोनमध्ये, तो वाजला की घ्या." घोळ नेमका इथे होतो. न्यूयॉर्कला उतरल्यावर फोन आपोआप तिथली वेळ पकडतो. मंगळवारी रात्री १० ला मुंबईत इन्सुलिन घेतलेल्या माणसाचा गजर बुधवारी न्यूयॉर्कच्या रात्री १० ला वाजतो, म्हणजे २४ नव्हे, तब्बल साडेतेहतीस तासांनी. परत येताना याच्या उलट होतं. "रात्र झाली, आता घेऊन टाका" असं म्हणत साडेचौदा तासांतच दुसरा पूर्ण डोस जातो आणि पहाटे साखर खाली घसरते.

पूर्ण लेखभर एकच उदाहरण धरून चालू. वय ६५ च्या आसपास, टाइप २ मधुमेह. रात्री १० ला ग्लार्जिन हे दिवसातून एकदा घ्यायचं लांब पल्ल्याचं इन्सुलिन, २० युनिट. सकाळी साडेआठ आणि रात्री साडेआठ, दोन्ही वेळा जेवणाआधी ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम आणि मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम यांची एकत्रित गोळी. जुलैत जाणं, सप्टेंबरमध्ये परत येणं. तुमचे आकडे वेगळे असतील, रीत हीच राहील. मात्र टाइप १ मधुमेह, इन्सुलिन पंप, गरोदरपण किंवा किडनीचा आजार असेल, तर हे वेळापत्रक उचलून वापरू नका. त्यांची आखणी वेगळी असते आणि ती तज्ज्ञांनीच करायला हवी.

## १. निघण्याआधी चार आठवडे: डॉक्टरांकडून काय लिहून घ्यायचं

डॉक्टरांकडे जाताना तिकीट सोबत न्या. "अमेरिकेला चाललोय" एवढं सांगून भागत नाही. सुटण्याची वेळ, पोहोचण्याची वेळ, मध्ये थांबा आहे का, हे समोर ठेवल्याशिवाय त्यांनाही डोस सांगता येत नाही. तीन गोष्टी कागदावर घ्या.

पहिली म्हणजे औषधांची यादी, आणि तीसुद्धा मूळ औषधांच्या नावांनी. आपल्याकडे गोळी दुकानातल्या नावाने ओळखली जाते आणि ते नाव अमेरिकेत कुणाला कळत नाही. एकत्रित गोळ्यांच्या नावामागची एक-दोन अक्षरं तर फारच फसवी असतात. "मी फक्त मेटफॉर्मिन घेतो" असं सांगणाऱ्या कित्येकांच्या पाकिटावर बारीक अक्षरांत ग्लिमेपिराइड छापलेलं असतं. प्रवासात या दोन औषधांना अगदी वेगळे नियम लागू होतात, म्हणून पाकीट उजेडात धरून वाचा.

दुसरी गोष्ट डॉक्टरांचं पत्र, इंग्रजीत, त्यांच्या लेटरहेडवर. त्यात नाव पासपोर्टवर आहे तसंच असावं आणि इन्सुलिन, सुया, ग्लुकोमीटर, थंड ठेवायच्या जेल पिशव्या हे सगळं विमानात जवळ बाळगणं गरजेचं आहे असा स्पष्ट उल्लेख असावा.

तिसरी गोष्ट प्रवासाच्या दिवसाचं वेळापत्रक. ते खाली तिसऱ्या टप्प्यात आहे. आधी स्वतः मांडून न्या आणि डॉक्टरांकडून दुरुस्त करून घ्या.

सावधान: डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल, तर प्रवासाच्या दिवशी ते घ्यायचं की नाही हे वेगळं विचारा. या गोळ्यांनी लघवीला जास्त होतं. विमानात उठायला नको म्हणून माणूस पाणी कमी पितो आणि शरीर कोरडं पडतं. उलट्या-जुलाब झाले किंवा खाणं बंद पडलं, तर या गोळ्या थांबवाव्या लागतात.

## २. किती न्यायचं, आणि ४० की १००

हिशोब युनिटमध्ये करा. रोजचे २० युनिट आणि दर वेळी सुईतून हवा काढण्यासाठी २ युनिट, म्हणजे रोज २२. ९० दिवसांचे १,९८० युनिट. पेनच्या एका कार्ट्रिजमध्ये ३ मिलिलिटर, म्हणजे ३०० युनिट असतात. सात कार्ट्रिज लागतील. त्यावर निदान तीन जास्तीच्या घ्या, म्हणजे दहा. हवा काढायचे २ युनिट धरायला लोक विसरतात आणि शेवटच्या आठवड्यात एक कार्ट्रिज कमी पडते.

जास्तीचं नेण्याला कारण आहे. भारतातल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर अमेरिकेतल्या औषधाच्या दुकानात ग्लार्जिन मिळत नाही. तिथल्या डॉक्टरांना दाखवावं लागतं आणि तो खर्च मोठा असतो. शिवाय तिथे बहुतेक ठिकाणी भरलेलं, वापरून फेकायचं पेन मिळतं, आपल्या पेनमध्ये घालायची सुटी कार्ट्रिज नव्हे. म्हणून पेनही दोन न्या. एक पडून फुटलं, तर दहा भरलेल्या कार्ट्रिज हातात असून उपयोग नाही.

गोळ्यांचंही तसंच. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड अमेरिकेत मिळतात, पण आपल्याकडे सर्रास दिल्या जाणाऱ्या व्हिल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन, ग्लिक्लाझाइड आणि व्होग्लिबोज तिथे विकायलाच नाहीत. संपल्या तर पर्यायी औषध शोधावं लागेल.

आता ज्या चुकीने जीव धोक्यात येतो ती. आपल्याकडे इन्सुलिनच्या अनेक बाटल्या दर मिलिलिटरला ४० युनिटच्या असतात आणि त्यांची सिरिंज लाल टोपणाची. अमेरिकेत सर्वसाधारणपणे १०० युनिटची बाटली आणि १०० ची, बहुधा केशरी टोपणाची सिरिंज मिळते. सुया संपल्या म्हणून तिथली सिरिंज आणली आणि आपल्या ४० च्या बाटलीतून २० च्या रेघेपर्यंत औषध भरलं, तर शरीरात जातात फक्त ८ युनिट. उलट, तिथली १०० ची बाटली आणि आपली लाल टोपणाची सिरिंज अशी जोडी जमली, तर २० च्या रेघेला ५० युनिट भरले जातात. म्हणजे अडीचपट.

तपासा: बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे ना? बाटली वापरत असाल, तर मुक्कामभर पुरतील एवढ्या सिरिंज इथूनच न्या. डॉक्टर तयार असतील, तर जाण्याआधी महिनाभर पेनवर या, म्हणजे हा प्रश्नच उरत नाही.

## ३. वेळेचा कागद: घड्याळ नको, तास मोजा

इन्सुलिनला मुंबई कळत नाही आणि न्यूयॉर्कही कळत नाही. मागच्या डोसपासून किती तास झाले, एवढंच त्याच्या लेखी खरं. म्हणून एक मनगटी घड्याळ घ्या, साधं, फोनला न जोडलेलं, आणि ते भारताच्या वेळेवरच राहू द्या. उतरल्यावरही पाच-सहा दिवस ते बदलू नका.

न्यूयॉर्क उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं आणि हिवाळ्यात साडेदहा. तिथली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे होतात. सहा महिन्यांच्या मुक्कामाला जाणाऱ्यांना म्हणून जातानाचा कागद परतताना चालत नाही.

समजा, विमान मंगळवारी मध्यरात्रीनंतर, म्हणजे बुधवारी पहाटे दीडला मुंबईहून सुटतं, सोळा तास उडतं आणि बुधवारी सकाळी ८ ला न्यूयॉर्कला उतरतं. कागद असा दिसेल:

| भारतातली वेळ | न्यूयॉर्कची वेळ | काय करायचं |
|---|---|---|
| मंगळ, रात्री ८:३० | मंगळ, सकाळी ११ | घरी जेवण, नेहमीची गोळी |
| मंगळ, रात्री १० | मंगळ, दुपारी १२:३० | ग्लार्जिन २० युनिट, नेहमीप्रमाणे |
| बुध, पहाटे ३ च्या सुमारास | मंगळ, संध्याकाळी ५:३० | विमानातलं पहिलं जेवण. गोळी नाही |
| बुध, दुपारी ३:३० च्या सुमारास | बुध, सकाळी ६ | उतरण्याआधीचा नाश्ता. गोळी घ्यायची |
| बुध, रात्री १० | बुध, दुपारी १२:३० | ग्लार्जिन २० युनिट |

कागद मांडून झाला की एक गोष्ट लक्षात येते. या प्रवासात ग्लार्जिन विमानात घ्यावंच लागत नाही. एक डोस निघण्याआधी, दुसरा उतरल्यावर साडेचार तासांनी. विमानात टोचायचं म्हणून लोक आठवडाभर धास्तावलेले असतात, त्यांनी आधी हा हिशोब मांडावा.

गोळीचं गणित वेगळं आहे. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग पोटात अन्न असो वा नसो. म्हणून ती वेळेशी नाही, जेवणाशी बांधायची. पहाटे ३ चं जेवण आलं तेव्हा आधीच्या गोळीला साडेसहा तासच झालेले असतात, म्हणून गोळी नाही. जेवणही चार घास खाऊन बाजूला ठेवलेलं बरं. घरच्या वेळेप्रमाणे पुढची गोळी सकाळी साडेआठची, पण तेव्हा विमानात अंधार असतो, सगळे झोपलेले असतात आणि पूर्ण जेवण मिळत नाही. म्हणून ती उतरण्याआधीच्या नाश्त्यापर्यंत ढकलायची. दोन गोळ्यांत बाराऐवजी एकोणीस तास पडतात आणि साखर थोडी चढते. त्या दिवसापुरती ती चढू द्या. मधल्या खाण्यासोबत नुसत्या मेटफॉर्मिनची एक सुटी गोळी चालेल का, हे डॉक्टरांना विचारून ठेवा. एकट्या मेटफॉर्मिनने साखर धोकादायक खाली जात नाही. 'एसआर' लिहिलेली गोळी असेल, तर तोडू किंवा चावू नका.

सावधान: चुकलेली ग्लिमेपिराइड पुढच्या वेळी दोन घेऊन भरून काढायची नाही. शंका आली, तर ती गाळा.

सकाळ-संध्याकाळ मिश्र इन्सुलिन, म्हणजे ३०/७० सारखं दुधाळ इन्सुलिन घेणाऱ्यांना वरचा तक्ता लागू नाही. त्यातला एक भाग जेवणासाठी झटपट काम करतो आणि दुसरा सुमारे अर्धा दिवस पुरतो. अमेरिकेकडे जाताना दिवस साडेनऊ तासांनी लांबतो, त्यामुळे त्यांना बहुधा एक जास्तीचा, पण लहान डोस लागतो. परतताना दिवस आखडतो, तेव्हा एक डोस कमी करावा लागतो. तो किती, हे तुमच्या रोजच्या साखरेवर ठरतं, म्हणून आकडा डॉक्टरांकडूनच लिहून घ्या. विमानात भारताच्या सकाळी साडेआठला डोस घ्यायचा ठरला, तर त्या वेळी खायला दशमी किंवा पोळी-भाजी स्वतःजवळ हवी. विमानातलं जेवण तेव्हा येणार नाही.

## ४. भरणं: गार हवं, गोठलेलं नको

न उघडलेल्या इन्सुलिनला २ ते ८ अंश सेल्सिअस तापमान लागतं. वापरात असलेली कार्ट्रिज ३० अंशांच्या आत साध्या खोलीत राहते. ग्लार्जिनची नेहमीची कार्ट्रिज उघडल्यापासून २८ दिवस वापरायची. इतर प्रकारांचे दिवस वेगळे असतात, ते खोक्यातल्या कागदावर छापलेले असतात. पहिल्यांदा वापरायला काढाल त्या दिवसाची तारीख कार्ट्रिजवर लहानशा चिकटपट्टीवर लिहा.

उष्णतेने इन्सुलिनचा जोर हळूहळू जातो, गोठण्याने मात्र ते त्याच क्षणी वाया जातं. आणि घरोघरी जास्त होते ती गोठण्याचीच चूक. फ्रीजरमधली दगडासारखी जेल पिशवी काढायची, तिच्यावर कार्ट्रिज ठेवायच्या आणि डबा घट्ट बंद करायचा. फ्रीजर उणे १८ अंशांच्या आसपास असतो. पिशवीला टेकलेली कार्ट्रिज गोठायला वेळ लागत नाही. नंतर ती वितळते, दिसायला स्वच्छ दिसते आणि काम करत नाही.

त्याऐवजी हे करा:

1. दोन जेल पिशव्या आदल्या दिवशी फ्रीजच्या खालच्या भागात ठेवा, फ्रीजरमध्ये नाही.
2. कार्ट्रिज मूळ खोक्यातच राहू द्या. खोकं सुती रुमालात गुंडाळा.
3. उष्णता अडवणाऱ्या छोट्या पिशवीत खोकं मध्ये आणि जेल पिशव्या दोन्ही बाजूंना, रुमालाच्या बाहेर ठेवा.
4. सर्व कार्ट्रिज एकाच पिशवीत नकोत. दोघं जात असाल, तर पाच-पाच वाटून घ्या.
5. चालू पेन, सुया, ग्लुकोमीटर, पट्ट्या आणि साखर वेगळ्या छोट्या पाउचमध्ये. हे पाउच पायाशी राहील, डोक्यावरच्या कप्प्यात नाही.

अशी पिशवी पूर्ण प्रवासभर आठ अंशांखाली राहणार नाही. दहा-बारा तासांनी ती साध्या खोलीएवढी होईल. त्याने इन्सुलिन बिघडत नाही, फक्त उघडल्यानंतरचे २८ दिवस मोजतो तशी काळजी घ्यायची. जास्त तास उबदार राहिलेल्या कार्ट्रिज आधी वापरा.

सावधान: इन्सुलिन मोठ्या बॅगेतून सामानात टाकू नका. तिथलं तापमान किती खाली जाईल याचा भरवसा नाही, आणि बॅग चुकली तर औषधही गेलं. विमानातल्या कर्मचाऱ्यांना "तुमच्या फ्रीजमध्ये ठेवा" असंही सांगू नका. तिथे बर्फाला टेकून गोठू शकतं, आणि उतरताना विसरलं जातं ते वेगळंच.

गोळ्या पाकिटातच न्या. आठवड्याच्या डबीत सुट्या काढून ठेवल्या, तर कोणती कोणती हे सीमाशुल्काच्या टेबलावर सांगता येत नाही, आणि पावसाळी मुंबईची दमट हवा गोळ्यांना लागते. प्रवासाच्या दोन दिवसांपुरत्या वेगळ्या काढायच्या असतील, तर पाकिटाचा नाव छापलेला तुकडा कापून घ्या.

## ५. विमानतळावर

सुरक्षा तपासणीत पिशवी स्वतः बाहेर काढून दाखवा: "इन्सुलिन आहे, सुया आहेत, हे पत्र." औषधांना द्रवाची १०० मिलिलिटरची मर्यादा लागत नाही, पण न सांगता बॅगेत राहिलेली जेल पिशवी नक्की अडते. हातातल्या सामानाच्या क्ष-किरण यंत्राने इन्सुलिन बिघडत नाही. दंडावर साखर मोजणारा सेन्सर असेल, तर त्याच्या उत्पादकाने यंत्रातून जाण्याबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचून ठेवा.

मुंबईतल्या आमच्या वाचकांना एक खास सूचना. घरून विमानतळापर्यंतचा रस्ता दोन-तीन तास खातो. इन्सुलिनची पिशवी गाडीच्या डिकीत किंवा डॅशबोर्डवर न ठेवता मांडीवर ठेवा. आणि रात्री साडेआठचं जेवण घरीच उरका. गोळी घेऊन निघाले आणि जेवण "विमानतळावर बघू" म्हणून राहिलं, की साखर रांगेतच खाली जाते.

## ६. विमानात

जागे असताना दर चार-पाच तासांनी साखर मोजा. बसून बसून, झोप मोडून आणि गोळी पुढे ढकलल्यामुळे ती १८० ते २२० दिसू शकते. ती खाली आणायला ग्लार्जिन आधी टोचून घेणं किंवा जास्तीची गोळी खाणं ही मोठी चूक आहे. ग्लार्जिन झटपट साखर उतरवत नाही. ते पुढच्या चोवीस तासांवर पसरतं, आणि त्या तासांत तुम्ही परक्या गावी अर्धवट झोपेत असता. पाणी प्या, दोन तासांनी गल्लीत चार फेऱ्या मारा. ३०० च्या वर राहिली आणि सोबत उलटी, पोटदुखी किंवा धाप असेल, तर कर्मचाऱ्यांना लगेच सांगा.

गोळीचा किंवा जेवणाच्या इन्सुलिनचा नियम एकच: ताट समोर आल्यावर, झाकण उघडल्यावर. गाडी दोन रांगा पुढे दिसली म्हणून गोळी गिळू नका. धक्के बसू लागले की वाढणं थांबतं आणि गाडी मागे जाते, कधी पाऊण तासासाठी.

मधुमेहींचं खास जेवण, तिकिटात `DBML` असं दिसतं ते, मागवायचं की नाही? त्यात पोळी-भातासारखे पदार्थ कमी असू शकतात. ग्लिमेपिराइड किंवा जेवणाचं इन्सुलिन घेणाऱ्याला तेवढ्याने पुरत नाही. आमच्या मते साधं शाकाहारी जेवण मागवून त्यातलं गोड बाजूला ठेवणं अधिक सुरक्षित. जवळ खाकरा आणि भाजलेले चणे असू द्या. फळं मात्र उतरण्याआधी संपवा. अमेरिकेत ती आत नेता येत नाहीत.

घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी किंवा उगाच चिडचिड झाली, की साखर मोजा. ७० च्या खाली असेल, तर ग्लुकोज पावडर किंवा साखर तीन लहान चमचे पाण्यातून, नाहीतर साधारण १५० मिलिलिटर फळांचा रस. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून कमी असेल तर तेवढंच पुन्हा घ्या. सावरल्यावर खाकऱ्यासारखं काहीतरी खा. चॉकलेट इथे उपयोगाचं नाही, त्यातल्या स्निग्धामुळे साखर रक्तात उशिरा उतरते.

विमानात टोचून घ्यावंच लागलं, तर हवेचा दाब बदललेला असतो हे ध्यानात ठेवा. पेनला सुई लावून ठेवलेली असेल, तर कार्ट्रिजमध्ये बुडबुडे शिरतात. सुई ऐन वेळी लावा, टोक वर धरून २ युनिट सोडा, थेंब दिसला की मगच डोस घ्या. वापरलेली सुई टोपण लावून जाड प्लास्टिकच्या डबीत. सीटच्या खिशात नको, तिथे सफाई करणाऱ्याचा हात जातो.

## ७. उतरल्यावरचे पहिले सहा दिवस

पहिली चूक घरी पोहोचल्यावर तासाभरात होते. विमानात सकाळी ६ ला गोळी घेऊन नाश्ता केला, अकराला लेकीच्या घरी पोहोचले, आंघोळ झाली आणि "जरा पडतो" म्हणत झोपले ते थेट संध्याकाळी पाचला उठले. दुपारचं जेवण गेलं, ग्लिमेपिराइड मात्र कामावर होती. अशा झोपेत घसरणारी साखर कुणाला दिसत नाही, माणूस दमून झोपलाय असंच सगळ्यांना वाटतं. म्हणून उतरण्याआधीच लेकीला सांगून ठेवा: साडेबाराला उठवायचं, साखर मोजायची, ग्लार्जिन घ्यायचं, वरण-भात खायचा आणि मग झोपायचं.

रात्रीची गोळी न्यूयॉर्कच्या आठच्या जेवणाआधी. सकाळच्या गोळीपासून चौदा तास झालेले असतात, म्हणजे ठीक. गोळ्या पहिल्याच दिवसापासून तिथल्या जेवणांवर आल्या.

ग्लार्जिन मात्र एका दिवसात हलवायचं नाही. ते रोज दोन तास पुढे सरकवा: बुधवारी दुपारी १२:३०, गुरुवारी २:३०, शुक्रवारी ४:३०, शनिवारी ६:३०, रविवारी रात्री ८:३० आणि सोमवारी १०:३०. तिथेच थांबा. प्रत्येक वेळी २६ तासांचं अंतर पडतं, ग्लार्जिनला तेवढं झेपतं. लहान मुक्कामाला, म्हणजे आठवड्याभरासाठी गेला असाल, तर हा खटाटोप करू नका. रोज दुपारी साडेबारालाच घ्या.

तपासा: फोनमधला जुना गजर बंद केलात ना? ग्लुकोमीटरचं घड्याळ न्यूयॉर्कच्या वेळेवर आणलंत ना? नाहीतर परतल्यावर डॉक्टरांना उपाशीपोटीची साखर दुपारची म्हणून दिसेल.

या सहा दिवसांत उपाशीपोटीची साखर रोज मोजा. दोन-तीन वेळा काही कारण नसताना ती चढलेली दिसली, तर डोस वाढवण्याआधी कार्ट्रिज बदला. प्रवासात खराब झालेलं इन्सुलिन बऱ्याचदा असंच उघडकीला येतं.

## ८. तिथे ठेवणं

फ्रिजमध्ये मधल्या किंवा दाराच्या कप्प्यात ठेवा. मागच्या भिंतीला टेकवून किंवा थंड हवेच्या झरोक्यासमोर नको, तिथे कोथिंबीरसुद्धा गोठते. हॉटेलच्या लहान फ्रिजचा भरवसा धरू नका. रात्री पाण्याचा अर्धा पेला आत ठेवा. सकाळी त्यावर बर्फाची कड दिसली, तर इन्सुलिन बाहेर काढा.

फिरायला जाताना पिशवी गाडीत सोडू नका. उन्हात बंद उभ्या गाडीत आतलं तापमान पन्नास अंशांपर्यंत जातं.

वापरण्याआधी कार्ट्रिज उजेडात धरून बघायची सवय ठेवा. ग्लार्जिन पाण्यासारखं स्वच्छ असतं. गढूळ दिसलं, तरंगणारे कण दिसले, तर टाकून द्या. मिश्र इन्सुलिन मुळातच दुधाळ असतं. ते तळहातांमध्ये हळुवार दहा वेळा घोळवा आणि दहा वेळा उलटसुलट करा. सगळीकडे सारखं दुधाळ झालं तर चांगलं. गुठळ्या उरल्या, किंवा काचेच्या आतून दव गोठल्यासारखा पांढरा थर चिकटलेला दिसला, तर ते गेलं.

## ९. परत येताना

परतीला दिवस आखडतो आणि धोका उलटा होतो. इथे उशीर नव्हे, घाई नडते. समजा, विमान शनिवारी रात्री ९ ला न्यूयॉर्कहून सुटतं आणि पंधरा तासांनी, भारतात रविवारी रात्री साडेनऊला उतरतं. तुमचा ग्लार्जिनचा डोस न्यूयॉर्कच्या रात्री साडेदहाला ठरलेला आहे. तो विमानात वेळेवर घ्या. भारतात तेव्हा रविवारची सकाळ, ८ वाजलेले असतात.

मुंबईत घरी पोहोचता तेव्हा रात्रीचे अकरा वाजलेले असतात आणि हात सवयीने पेनकडे जातो. आधीच्या डोसला पंधराच तास झालेत. थांबा. सोमवारी सकाळी ८ ला, २४ तास पुरे झाल्यावर घ्या. पुढे तेच सकाळी आठला चालू ठेवता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. बऱ्याच जणांना सकाळची वेळ लक्षात ठेवायला सोपी जाते आणि सरकवण्याची गरजच राहत नाही. रात्रीचीच वेळ हवी असेल, तर पुन्हा रोज दोन तास पुढे, म्हणजे आठवडाभर लागेल. काही डॉक्टर उतरल्याच्या रात्री अंतराच्या हिशोबाने कमी डोस देतात. पंधरा तासांसाठी २० पैकी साधारण १२ युनिट, आणि दुसऱ्या रात्रीपासून पूर्ण. पण तो आकडा त्यांनी लिहून दिलेला असावा, मनाने नको.

रात्रीच्या गोळीबाबतही तेच. विमानातल्या शेवटच्या जेवणाला गोळी घेतली असेल, तर घरी अकराला आईने किंवा बहिणीने आग्रहाने वाढलेल्या पानाला दुसरी गोळी लावू नका. त्या रात्री तीनच्या सुमारास गजर लावून एकदा साखर मोजा, दुसऱ्या रात्रीही मोजा. १०० च्या खाली असेल तर अर्धा कप दूध आणि दोन बिस्किटं घेऊन झोपा, आणि सकाळी डॉक्टरांना फोन करा.